स्टार्टच्या आधीची गाणी: धडधड वाढवणारी कुठली आणि सावरणारी कुठली

"ताई, मी १७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली, ८०० मीटर पळते. बेस्ट टायमिंग २:२१. वॉर्मअपला मोटिव्हेशनल गाण्यांची प्लेलिस्ट लावते, आमच्या सगळ्या मैत्रिणी तीच लावतात. पण गेल्या दोन्ही मीटला गाणी ऐकता ऐकताच हात गार पडले, पोटात गोळा आला, तीनतीनदा बाथरूमला जावं लागलं. पहिले २०० मीटर ३०.५ मध्ये गेले आणि शेवटी पाय उचलेनात, २:२९ लागले. सर म्हणतात गाणीच बंद कर, पण गाण्याशिवाय तर अजूनच भीती वाटते. पुढच्या महिन्यात बालेवाडीला स्टेट आहे. कुठली गाणी ऐकू?"

अगं, तुला वाटत असेल ताई आता पाचदहा गाण्यांची नावं देतील, पण नावं मी देणार नाहीये, कारण माझं कामाचं गाणं तुझ्यासाठी विष असू शकतं. मी कॉलेजला असताना एका फायनलला दुसऱ्या कर्व्हवर कुणाच्या तरी स्पाइकमध्ये पाय अडकून पडले, आणि तेव्हा ग्राउंडच्या स्पीकरवर एक गाणं चालू होतं, एकदम जोशातलं, सगळ्यांचं आवडतं. पुढची दोन वर्षं टीमच्या बसमध्ये कुणी ते गाणं लावलं की बाकीच्या पोरी सीटवर उभं राहून नाचायच्या आणि माझ्या गुडघ्याला जुनी जखम झोंबल्यासारखं व्हायचं. गाणं तेच, बस तीच, फक्त माझ्या डोक्यात ते पडण्याशी जोडलं गेलं होतं. म्हणून नावांपेक्षा गाणं पारखायचं कसं ते सांगते, ते तुला पुढे दहा वर्षं पुरेल.

आधी एक वही घे. त्यात तुझी आत्तापर्यंतची सगळ्यात भारी रेस आठवून लिही, ती २:२१ वाली असेल बहुतेक. त्या दिवशी कॉल रूममध्ये बसली होतीस तेव्हा धडधड किती होती, शून्य ते दहा मध्ये आकडा दे, शून्य म्हणजे दुपारी जेवून झोपताना असते तशी आणि दहा म्हणजे आता पळूनच जावं असं वाटतं तशी. मग त्या २:२९ वाल्या दोन्ही रेसचा आकडा लिही. माझा अंदाज आहे की चांगल्या रेसला पाच-सहा असेल आणि वाईट रेसला नऊ, पण माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, तुझा खरा आकडा लिही. युरी हानिन नावाच्या एका रशियन स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टनी खेळाडूंना असंच चांगल्या आणि वाईट स्पर्धा आठवायला लावून दाखवलं की प्रत्येकाचा आपला एक पट्टा असतो, कुणी चारवर भारी खेळतो तर कुणी आठवर, सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नसतो. तुझी जी मैत्रीण ती प्लेलिस्ट लावून मस्त पळते ती कदाचित सकाळी तीनवर असते, तिला वर ढकलायची गरज आहे, म्हणून ती गाणी तिला बरोबर बसतात. तू ग्राउंडवर पोचतेस तेव्हाच सातवर असतेस आणि त्याच्यावर परत तेच पेट्रोल.

हात गार पडणं, पोटात गोळा, सारखी बाथरूम, हे सगळं अ‍ॅड्रिनॅलिनचं काम आहे. शरीर कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त काढून मोठ्या स्नायूंकडे पाठवतं, म्हणून हात गार आणि पोट विचित्र. थोडं झालं तर चांगलंच, त्याशिवाय ८०० पळताच येणार नाही, एकदम थंड डोक्याने स्टार्टला उभं राहिलेली पोरगी पहिल्या कर्व्हलाच मागे पडते. म्हणजे आपल्याला धडधड घालवायची नाहीये, तुझ्या पट्ट्यात आणून ठेवायचीये, आणि गाण्याचं काम तेवढंच. अजून एक खूण असते ती म्हणजे जांभया, रेसच्या आधी झोप नीट झालेली असूनही सारख्या जांभया येत असतील तर तेही टेन्शनच, कंटाळा नाही, ते वहीत लिहीत जा.

आता तुझ्या त्या प्लेलिस्टकडे बघू. ती मी ऐकलेली नाही पण अशा प्लेलिस्ट शेकड्याने ऐकल्यात, आणि धडधड वाढवणारी गाणी मला तीन जागी सापडतात.

पहिली जागा वेग. इटलीत पाव्हियाच्या युनिव्हर्सिटीत लुचियानो बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी २००६ साली २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात क्लासिकल होतं, रॅप होतं, आपलं सतारीचं रागसंगीतही होतं, आणि बघितलं की लय जलद झाली की श्वास, हृदयाचे ठोके, बीपी सगळं वर जातं, मग प्रकार कुठलाही असो. आवडतं की नावडतं यानेही फार फरक पडत नव्हता, शरीर लयीच्या मागे जात होतं. त्यामुळे "मला हे गाणं आवडतं म्हणून ते मला शांत करेल" हा हिशोब धरू नकोस. आणि मोटिव्हेशनल गाण्यांची रचनाच अशी असते की आधी हळू, मग ढोल वाढत वाढत जातो, श्वास रोखल्यासारखं होतं, आणि मग धाडकन सगळं कोसळतं. हे ऐकताना तू बसलेली असतेस बघ. शरीराला वाटतं आता पळायचं, आणि पळायला तर अजून पाऊण तास आहे.

दुसरी जागा शब्द, आणि माझ्या मते तुझ्या वयाच्या पोरींना जास्त त्रास याचाच होतो. जिंकलंच पाहिजे, हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही, आईबापाने पोटाला चिमटा काढून शिकवलं, आता नाही तर कधीच नाही, दुनियेला दाखवून देऊ, अशा ओळी घरी भांडी घासताना ऐकल्या तर अंगावर काटा येतो आणि छान वाटतं, पण रेसच्या आधी त्या ओळी डोक्यात एकच गोष्ट मोठी करतात, ती म्हणजे निकाल, आणि निकालावर तुझा त्या क्षणी काहीच ताबा नसतो. त्यातून घरची परिस्थिती बेताची असेल, वडिलांनी स्पाइक्ससाठी उसने पैसे घेतलेले असतील, तर असलं गाणं म्हणजे वॉर्मअपला पाठीवर पोतं बांधून पळणं. हल्ली गाण्याच्या मधे मधे भाषणाचे तुकडे टाकलेले मिक्स पण असतात, कुणीतरी जड आवाजात ओरडून सांगत असतं की तू अजून पुरेशी मेहनत केलेली नाहीस. रेसच्या दिवशी हे ऐकून काय उपयोग, त्या दिवशी मेहनत वाढवता येते का? ते मिक्स आजच काढून टाक, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही.

तिसरी जागा आठवण, ते माझं पडण्याचं सांगितलंच. तुझ्या बाबतीत आता त्यात भर पडली असणार कारण दोन वाईट रेसच्या आधी तू हीच गाणी ऐकलीस, म्हणजे पहिल्या सुरालाच शरीराला आता कळतं की हां, ते २:२९ वालं येतंय. म्हणून त्या प्लेलिस्टमधली गाणी कितीही आवडती असली तरी या सीझनपुरती रेसच्या दिवशी नकोत. घरी ऐक, शाळेत जाताना ऐक, काही बिघडत नाही.

आता नवीन गाणी शोधायची, आणि शोधायची ती प्रॅक्टिसच्या दिवशी, मीटच्या दिवशी अजिबात नाही. पुढच्या दोन मंगळवारी, किंवा ज्या दिवशी तुमचं स्पीडचं वर्कआउट असेल त्या दिवशी, वीस मिनिटं आधी ग्राउंडवर जा. झाडाखाली पाच मिनिटं नुसती बस, मग मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोज आणि चारने गुण, तो आकडा लिही. एक गाणं पूर्ण ऐक, बसूनच, आवाज निम्म्यावर. परत नाडी मोज. आणि तीन गोष्टी लिही, हात गार की गरम, श्वास पोटात की छातीत वरवर, आणि डोक्यात काय आलं, गाणं आलं की रेस आली की कुणाचा चेहरा आला. एका दिवशी तीन गाण्यांच्या वर नको, नाहीतर एकाचा परिणाम दुसऱ्यात मिसळतो. नाडी पाच-सात ठोके वर गेली पण हात गरम आहेत, श्वास खोल आहे, पाय हलवावेसे वाटतायत, तर ते गाणं उठवणारं आणि कामाचं. नाडी पंधरा-वीसने वर गेली, हात गार, खांदे कानाला लागलेत, तर ते तुझ्यासाठी घातक, भले बाकी जगाला ते चालत असू दे. आणि नाडी खाली आली, जबडा सैल पडला, तर ते सावरणारं. तुला दोन सावरणारी, एक मधलं आणि एक उठवणारं, बस, एवढी चारच गाणी लागतात. पन्नास गाण्यांच्या प्लेलिस्टची गरजच नाहीये.

गाण्याचा वेग मोजायला अ‍ॅप पण मिळतात पण साधं आहे, गाणं लावून जिथे आपोआप पाय आपटतो तिथे टाळी वाजव, १५ सेकंदातल्या टाळ्या मोज, चारने गुण. सावरणारं ७० ते ८० च्या आसपास बघ, मधलं साधारण ९५ ते १०५, आणि उठवणारं १२० ते १३०. त्याच्या वरचं तुला सध्या नको. लंडनच्या ब्रुनेल युनिव्हर्सिटीत कोस्टास कारागिओर्गिस म्हणून प्रोफेसर आहेत ज्यांनी आयुष्यभर खेळ आणि संगीत हाच विषय केलाय, ते पण संगीताकडे दोन्ही अंगांनी बघतात, काहींना चढवायला आणि काहींना उतरवायला. आपल्याकडे मात्र खेळाडूची गाणी म्हटलं की फक्त चढवायचीच गाणी डोळ्यासमोर येतात. सावरणाऱ्यात रडकी गाणी घेऊ नकोस पण, विरहाचं गाणं लयीला हळू असतं तरी मन खाली ओढतं, आणि मन खाली गेलेलं आपल्याला नकोय. एखादा अभंग, आजी म्हणायची ती ओवी, जुनं भावगीत, बासरी, असं काहीही चालेल. अभंग-ओवीचा एक फायदा सांगते, हेच बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्या लोकांचा श्वास मोजला होता, तर तो मिनिटाला साधारण सहावर आला, म्हणजे दहा सेकंदाला एक श्वास, आणि त्या वेगाला हृदय छान सैलावतं. म्हणजे ऐकण्यापेक्षा गुणगुणलेलं जास्त कामाचं, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. ग्राउंडवर कुणी बघेल म्हणून लाजू नकोस, ओठ मिटून गुणगुणलं तर बाजूच्या पोरीलाही कळत नाही.

अजून एक चूक होते, धडधड नऊवर असताना एकदम ७० च्या लयीचं गाणं लावतात आणि मग म्हणतात शांत गाण्याने तर चिडचिडच झाली. होणारच. आपण धावत असलो आणि कुणी हात धरून एकदम थांबवलं तर राग येतो ना. म्युझिक थेरपीवाले याला आयसो प्रिन्सिपल म्हणतात, म्हणजे माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करायची आणि गाण्याने हळूहळू पाहिजे तिकडे न्यायचं. तू नऊवर असशील तर आधी ते १०० च्या लयीचं मधलं गाणं लाव, मग ८० चं, मग ७० चं. जिन्याने उतरायचं, उडी नाही मारायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्याही खूप उशिरा लक्षात आलं. तू टीव्हीवर मायकल फेल्प्सला बघितलं असशील, बीजिंग २००८ ला तो हेडफोन घालूनच पूलवर यायचा आणि रेसच्या अगदी तोंडावर काढायचा. ते बघून सगळ्यांना वाटतं आपणही स्टार्टपर्यंत गाणी ऐकायची. पण अ‍ॅथलेटिक्समध्ये तसं चालत नाही. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या टेक्निकल रूल ६ प्रमाणे स्पर्धेच्या जागेत मोबाईल, रेडिओ, म्युझिक प्लेअर असलं काही जवळ ठेवताच येत नाही, आणि कॉल रूमलाच बॅग तपासून काढून घेतात. म्हणजे तुझं शेवटचं गाणं बंद होण्यात आणि बंदुकीच्या आवाजात वीस मिनिटं, अर्धा तास, मीट रखडली तर पाऊण तासही जातो. या अर्ध्या तासाचा कुणी विचारच करत नाही. तू गाण्यावर चढून चढून नऊवर जातेस, मग कुणीतरी फोन काढून घेतं, आणि तू बाकावर बसतेस, समोर बाकीच्या सात पोरी, त्यांच्या मांड्या, त्यांचे स्पाइक्स, कोण कुठल्या अकॅडमीची, आणि कानात काही नाही. गाण्याशिवाय अजून भीती वाटते असं जे तुला होतं ना, ते मला वाटतं इथलंच आहे.

पण बर्नार्डींच्या त्याच २००६ च्या अभ्यासात एक गंमतशीर गोष्ट निघाली, संगीताच्या मध्ये त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या दोन मिनिटांत लोकांचे ठोके आणि बीपी संगीत सुरू होण्याच्या आधीपेक्षाही खाली गेले. म्हणजे गाणं संपल्यानंतरची शांतता हे स्वतःच औषध आहे, फक्त ती आपण ठरवून घेतलेली पाहिजे, कुणी फोन हिसकावून घेतल्यामुळे मिळालेली नको. म्हणून फोन तू स्वतः, कॉल रूमच्या आधी, ठरलेल्या वेळी बंद करायचा आणि दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं. तेवढंच.

मग कॉल रूममध्ये काय, तर तिथे गाणं डोक्यात वाजवायचं. आणि इथे ते ३०.५ येतं. हिशोब बघ, ३०.५ हा २:०२ चा वेग झाला, २:०२! तुझ्या २:२१ साठी पहिले २०० साधारण ३३.५ मध्ये गेले पाहिजेत, मग ३५.५, मग ३६, ३६. तू तीन सेकंद आधीच खर्च करून बसतेस आणि शेवटच्या २०० ला त्याचं व्याजासकट फेडतेस. अ‍ॅड्रिनॅलिन जास्त असलं की वेग कळतच नाही, ३०.५ पण निवांत वाटतो, ती एक गोष्ट, आणि दुसरी माझी शंका अशी की तुझ्या डोक्यात १४० च्या लयीचं काहीतरी वाजत असणार आणि पाय त्याच्या मागे पळत असणार. पायाला लय चिकटते. १९९८ साली बर्मिंगहॅमला हाइले गेब्रसेलासीने इनडोअर २००० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा स्टेडियमच्या स्पीकरवर त्याच्या आवडीचं एक पॉप गाणं लावलं होतं आणि त्याची पावलं त्या तालावर पडत होती, हे त्याने स्वतःच सांगितलंय. आपल्याला स्पीकरवर गाणं लावून मिळणार नाही, पण डोक्यात कुठलं न्यायचं ते आपल्या हातात आहे.

तर असं कर. प्रॅक्टिसला सरांना सांगून ३५ च्या वेगाने एक २०० पळ आणि मैत्रिणीला फक्त तुझा उजवा पाय मोजायला सांग, मधल्या १५ सेकंदांत किती वेळा टेकला. चारने गुण. ९५ ते १०० च्या मध्ये काहीतरी येईल, कारण ८०० ला साधारण मिनिटाला १९० ते २०० पावलं पडतात. तो जो आकडा येईल, त्याच लयीचं गाणं शोध, बरोबर तेवढंच किंवा एकदोनने इकडे तिकडे. म्हणजे प्रत्येक ठेक्याला एक उजवा पाय. वर जे मधलं गाणं म्हटलं ते हेच असू दे. लेझीमचा साधा चालीचा ठेका बरेचदा याच्या जवळपास येतो, तुमच्या शाळेत २६ जानेवारीला लेझीम बसवत असतील तर तोच आठवून बघ. शब्द नसलेलं किंवा शब्द बिनकामाचे असलेलं बरं, म्हणजे अर्थाकडे लक्ष जात नाही. रोजच्या स्ट्राइड्सला त्याचा मुखडा मनात म्हणायची सवय लाव, तीन आठवड्यांत पाय आणि ठेका एकमेकांना ओळखायला लागतात. कॉल रूममध्ये फक्त तो मुखडा, आणि बोटाने मांडीवर हळू ठेका. समोरच्या पोरींकडे बघायला डोक्यात जागाच राहत नाही.

माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगी होती, तुझ्याएवढीच, साताऱ्याकडची, ८०० चीच. वॉर्मअपच्या आधी स्टँडमध्ये बसलेली असताना नाडी ९६, मग तिचं ते गर्जना-डरकाळीवालं गाणं ऐकून बसल्या जागी १२४. म्हणजे वॉर्मअपचा अर्धा दम बाकावरच गेला. आम्ही तीन आठवडे वर सांगितलं तसंच केलं, आणि तिला उठवणारं म्हणून काय सापडलं माहितीये, लहानपणी गावच्या जत्रेला वाजायचं ते एक नाचाचं गाणं, त्यात जिंकण्याबिंकण्याचं काहीच नाही, पण ते ऐकलं की तिला हसू यायचं. पुढच्या मीटला फोन बंद करताना नाडी १०४ होती, पहिले २०० तिने ३४ मध्ये काढले, आणि २:२४ वरून २:२० वर आली. सगळं श्रेय गाण्याचं नाही, तिचं ट्रेनिंग त्या महिन्यात चांगलं झालं होतं, पण पहिले २०० हातात राहिले ते मला वाटतं त्यामुळेच.

स्टेटच्या दिवसाचं वेळापत्रक असं धर, समजा रेस १०:४० ला आहे आणि कॉल रूमला १०:१५ ला जायचंय, तुझ्या मीटच्या शेड्यूलप्रमाणे पुढेमागे कर. सकाळी बसमध्ये किंवा रिक्षात गाणी नकोतच, मैत्रिणींशी गप्पा मार, नाहीतर खिडकीतून बाहेर बघ. ९:१० ला स्टँडमध्ये सावलीत बसून धडधडीचा आकडा घे, सात किंवा वर असेल तर आधी मधलं, मग दोन्ही सावरणारी. पाचच्या खाली असेल तर सावरणारी गाणी लावायचीच नाहीत, उगाच अजून खाली जाशील. ९:३० ला जॉगिंग, ते बिना हेडफोनचं, कारण वॉर्मअपच्या ग्राउंडवर भालाफेकवाले, हर्डल्सवाले सगळे असतात आणि अनाउन्समेंट पण ऐकू आली पाहिजे, इव्हेंट लवकर घेतल्याचं कळलं नाही म्हणून रेस गेलेली पोरगी मी बघितलीये. ड्रिल्स झाल्यावर ते मधलं गाणं, एकदाच. चार स्ट्राइड्स मारायच्या असतील तर तीन झाल्यावर उठवणारं गाणं उभ्याउभ्याने, चालत, हात झटकत ऐकायचं, आणि ते ऐकून लगेच चौथी स्ट्राइड, म्हणजे चढलेलं शरीर लगेच वापरलं जातं, बसून सडत नाही. मग फोन बंद. दोन मिनिटं शांत. मग कॉल रूम.

आणि तिथे धडधड वाढलीच तर "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावू नकोस, त्याने उलटंच होतं. "मजा येणारे, मी तयार आहे" असं हळू आवाजात म्हण. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ साली लोकांना अनोळखी माणसांसमोर कॅरिओकेवर गायला लावून हेच बघितलं, गाण्याच्या आधी ज्यांनी मी एक्सायटेड आहे असं म्हटलं ते मला टेन्शन आलंय म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. धडधड दोन्हींत तीच असते, नुसतं नाव बदलायचं.

फोनबद्दल दोन-तीन गोष्टी. चारही गाणी आधीच डाउनलोड करून ठेव, शफल बंद, आणि फोन एअरप्लेन मोडवर. गाण्याच्या मध्ये जाहिरात लागली की सगळी लय मोडते, पण त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, गावच्या ग्रुपवर पन्नास जणांचं बेस्ट लक, मामाचा मेसेज की मेडल घेऊनच ये, कुणीतरी टाकलेली हीट लिस्ट आणि त्यात कुणाचं टायमिंग किती. प्रेमाने पाठवतात गं सगळे, पण ते रेस झाल्यावर वाच. घरच्यांना आदल्या रात्रीच सांग की सकाळी फोन बंद असेल, मी पळून झाले की लावते.

सरांचं पण ऐकून घे. ते गाणी बंद कर म्हणतायत कारण त्यांना स्टॉपवॉचवर ३०.५ दिसलाय, आणि त्यांचं निरीक्षण चुकलेलं नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, वही दाखव, "सर, या गाण्याने माझी नाडी इतकी वाढते, याने इतकी उतरते, मी चारच ठेवलीयेत आणि कॉल रूमच्या आधी फोन बंद करणारे, स्टेटच्या आधी एखाद्या टाइम ट्रायलला करून बघू का?" असं विचार. ट्रायलला पहिले २०० जर ३३ ते ३४ मध्ये आले तर सर स्वतःच हो म्हणतील. आणि ट्रायलला गाण्याशिवायच जास्त बरं वाटलं तर तेही मान्य कर, काही पोरींना खरंच गाणी लागत नाहीत, नुसतं गुणगुणणं पुरतं.

एक मात्र बघ. रेसच्या आदल्या दोनदोन रात्री झोपच लागत नसेल, दर मीटला उलट्या होत असतील, किंवा प्रॅक्टिस नसतानाही, शाळेतबिळेत अचानक छाती धडधडून श्वास अडकत असेल, तर ते गाण्यांनी सुटण्यातलं नाही. तेव्हा आईला सांग, डॉक्टरांना दाखव, किंवा टेली मानसला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता आजचं काम, वहीत तीन रेसचे तीन आकडे लिही आणि जुनी प्लेलिस्ट रेसच्या फोल्डरमधून काढ. आणि स्टेटच्या दिवशी कॉल रूमच्या बाहेर फोन आणि बॅग कुणाकडे द्यायची ते माणूस आधीच ठरवून ठेव, तिथे पोचल्यावर शोधत फिरायला नको.